डबक्यातून मूत्रपिंडापर्यंत : कुत्र्यांचा लेप्टो आणि पावसाळ्यातील काळजी

पावसाळ्यात कुत्र्याला फिरवून आणल्यावर बहुतेक घरांत पहिली चिंता चिखलाची असते, दुसरी गोचिडांची, आणि लेप्टोस्पायरोसिसची आठवण सहसा वस्तीतील एखादा माणूस आजारी पडल्यावर होते. मुंबई, कोकण आणि गोव्यात हा आजार माणसांमधला म्हणून परिचित आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि पाणी ओसरल्यानंतरच्या आठवड्यांत शहरात लेप्टोचे रुग्ण वाढले, हे अनेकांना आठवत असेल. त्याच पाण्यातून कुत्रेही चालत असतात. त्यांच्या पायात गमबूट नसतात, त्यांचे पोट पाण्याला टेकलेले असते आणि घरी आल्यावर ते स्वतःचे पंजे चाटून स्वच्छ करतात. म्हणून हा जंतू उंदरापासून कुत्र्याच्या मूत्रपिंडापर्यंत कोणत्या वाटेने पोहोचतो आणि त्या वाटेवर पालकाला त्याला कुठे अडवता येते, एवढेच या लेखात पाहायचे आहे.

वाटेची सुरुवात पावसात नव्हे, तर उंदराच्या आणि घुशीच्या मूत्रपिंडात होते. लेप्टोस्पायरा हा मळसूत्रासारखा पीळ असलेला, अतिशय बारीक जिवाणू आहे. तो उंदराच्या मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिकांमध्ये वस्ती करतो, पण उंदराला त्याचा फारसा त्रास होत नाही. उंदीर खातो, पळतो, पिले घालतो आणि दीर्घकाळ मूत्रावाटे जिवाणू बाहेर टाकत राहतो. कोरड्या, तापलेल्या जमिनीवर ते मूत्र पडले तर जिवाणू लवकर मरतो, कारण कोरडेपणा आणि ऊन या दोन्ही गोष्टी त्याला सोसत नाहीत. मूत्राची आम्लताही त्याला मानवत नाही. पाऊस पडला की मात्र परिस्थिती उलटते. मूत्र पाण्यात मिसळून पातळ होते, आम्लता कमी होते, जमीन ओली राहते, हवा उबदार असते, आणि जिवाणूला आठवडेच्या आठवडे, अनुकूल मातीत तर काही महिनेही तग धरता येतो. शिवाय पाण्याने बिळे भरली की उंदीर आणि घुशी बाहेर पडतात, जिन्याखाली, पार्किंगमध्ये, कचराकुंडीमागे आसरा घेतात, आणि त्यांच्या बिळांतील चिखलही पाण्याबरोबर वर येतो.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते, ती म्हणजे सगळे पाणी सारख्याच धोक्याचे नसते. पाऊस पडत असतानाच सिमेंटच्या मोकळ्या गच्चीवर साठलेले पाणी आणि गटाराच्या झाकणाशेजारी तीन दिवस उभे राहिलेले डबके यांत मोठा फरक आहे. संथ, सावलीतले, मातीचा तळ असलेले आणि उंदरांच्या येण्याजाण्याच्या वाटेवरचे पाणी सर्वांत वाईट. पुराचे पाणी ओसरताना मागे राहणारा काळसर चिखलही त्याच प्रकारात मोडतो, आणि माझ्या मते त्याकडेच सर्वाधिक दुर्लक्ष होते. पाणी उतरले की लोकांना धोका उतरल्यासारखे वाटते आणि दोन दिवस घरात कोंडलेल्या कुत्र्याला तेव्हाच उत्साहाने बाहेर काढले जाते. समुद्राचे खारे पाणी या जिवाणूला मानवत नाही, त्यामुळे किनाऱ्यावरील लाटांपेक्षा किनाऱ्याला येऊन मिळणाऱ्या नाल्याच्या तोंडाशी अधिक सावध राहावे.

जिवाणू कुत्र्याच्या शरीरात शिरतो तो प्रामुख्याने खरचटलेल्या किंवा जखमी त्वचेतून आणि डोळे, नाक, तोंड यांच्या आतल्या ओलसर नाजूक आवरणातून. जखम मोठी असण्याची गरज नसते. बोटांच्या बेचक्यात खाजवून झालेला ओरखडा, पंजाच्या गादीला पडलेली चीर किंवा बराच वेळ पाण्यात राहून मऊ पडलेली कातडी त्याला पुरते. डबक्यातील पाणी पिणे, उंदीर पकडणे किंवा मेलेला उंदीर चघळणे याही वाटा आहेत. शरीरात गेलेला जिवाणू रक्तातून सर्वत्र फिरतो आणि मग मूत्रपिंड व यकृत येथे जाऊन बसतो. लक्षणे दिसायला बहुधा एक ते दोन आठवडे लागतात. कधी ती काही दिवसांतच दिसतात, तर कधी जवळजवळ तीन आठवडेही जातात. हे अंतर लक्षात ठेवणे फार गरजेचे आहे, कारण कुत्रा आजारी पडतो तेव्हा त्या पाण्यातून चालल्याची आठवणच घरात उरलेली नसते आणि डॉक्टरांना ती सांगितली जात नाही.

लसपत्रातील एक अक्षर

पालकाच्या हातातील सर्वांत भक्कम उपाय पावसाच्या आधीचा आहे, आणि त्यातच सर्वाधिक गफलत होते. कुत्र्याला दरवर्षी लस दिली जाते, म्हणजे लेप्टोचीही दिली गेली असणार, असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात रेबीजच्या लशीत लेप्टो नसतो. डिस्टेंपर, पार्व्हो आणि हिपॅटायटिस यांच्या एकत्रित लशीतही तो प्रत्येक वेळी असतोच असे नाही. त्या लशीचे नाव बहुधा ‘डीएचपीपीआय’ अशा अक्षरांनी लिहिलेले असते आणि त्यापुढे ‘एल’ हे अक्षर असेल तरच त्यात लेप्टो आहे असे समजावे. अनेक कंपन्यांच्या संचात दोन बाटल्या असतात. एका बाटलीत विषाणूंच्या लशींची वाळवलेली पूड असते आणि दुसऱ्या बाटलीतील द्रवात लेप्टोची लस असते. त्या द्रवातच पूड विरघळवून एकच इंजेक्शन दिले जाते. पण पूड साध्या निर्जंतुक पाण्यात विरघळवली, तर लेप्टोची लस दिली गेलेलीच नसते. म्हणून लसपत्रावर चिकटवलेले लेबल वाचावे आणि समजले नाही तर डॉक्टरांना सरळ विचारावे, की यात लेप्टो आहे का आणि त्याचे किती प्रकार आहेत.

प्रकारांचा प्रश्न असा आहे. लेप्टोस्पायराचे अडीचशेहून अधिक उपप्रकार ज्ञात आहेत आणि एका गटाविरुद्ध तयार झालेली प्रतिकारशक्ती दुसऱ्या गटाविरुद्ध पुरेशी उपयोगी पडत नाही. जुन्या लशींमध्ये दोन उपप्रकार असतात. त्यांतला कॅनिकोला हा कुत्र्यांमध्ये वस्ती करणारा आहे आणि इक्टेरोहिमोरेजिया हा मुख्यतः उंदरांकडून येणारा. नव्या लशींत चार असतात. भारतात या चारांपलीकडचे गटही आढळतात, त्यामुळे लस घेतलेल्या कुत्र्याला लेप्टो होणारच नाही असे म्हणता येत नाही. तरीही उंदरांकडून येणारा, तीव्र आजार घडवणारा गट लशीत असतो, आणि माझ्या दृष्टीने एवढे कारण लस देण्यासाठी पुरेसे आहे. चारांची लस मिळत असेल तर ती निवडावी, आणि मिळत नसेल तर तिची वाट पाहत पावसाळा काढू नये.

वेळापत्रकाचा मुद्दाही इथेच सांगायला हवा. पहिल्यांदा लस घेणाऱ्या कुत्र्याला, मग तो पिल्लू असो वा सहा वर्षांचा, दोन मात्रा लागतात आणि त्यांत दोन ते चार आठवड्यांचे अंतर असते. पिल्लांना ही लस साधारण आठ आठवड्यांच्या वयानंतर सुरू करता येते. पहिली मात्रा केवळ शरीराला ओळख करून देते. खरे संरक्षण दुसऱ्या मात्रेनंतर दोन-तीन आठवड्यांत उभे राहते. म्हणजे मृग नक्षत्राच्या आरंभी, सात-आठ जूनच्या सुमारास, कुत्रा तयार हवा असेल तर पहिली मात्रा एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात आणि दुसरी मेच्या मध्याला घ्यावी लागेल. त्यानंतर दर बारा महिन्यांनी एक मात्रा लागते. डिस्टेंपर-पार्व्होची लस मोठ्या कुत्र्यांना तीन वर्षांनी देण्याची पद्धत आता अनेक ठिकाणी आहे, पण तो हिशेब लेप्टोला लागू होत नाही, कारण तिचे संरक्षण सुमारे वर्षभरच टिकते. ज्याची वार्षिक मात्रा नोव्हेंबरमध्ये येते, त्याचे संरक्षण पुढच्या पावसाळ्यापर्यंत पुरते खरे, पण ती चुकून लांबली तर चूक पावसाळ्यातच लक्षात येते. म्हणून ही तारीख मेमध्ये सरकवून घ्यावी असे मी सुचवीन. मधे खूप मोठा खंड पडला असेल तर डॉक्टर पुन्हा दोन मात्रांपासून सुरुवात करायला सांगतात. जून उजाडला आणि लस राहिली असेल तरी ती घ्यावीच, कारण लेप्टोचा जोर सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत राहतो. फक्त पहिले पाच-सहा आठवडे कुत्रा असंरक्षित आहे असे धरून वागावे.

फेरी, पंजे आणि पाण्याचे भांडे

पावसाळ्यात कुत्र्याला बाहेर नेणे टाळता येत नाही, आणि टाळूही नये. बदलायची असते ती वाट. पट्टा आखूड धरून रस्त्याच्या उंच बाजूने, सिमेंट किंवा फरशी असलेल्या भागातून न्यावे. कचराकुंडी, गटाराची कड, भिंतीच्या पायथ्याशी दिसणारी घुशींची भोके आणि बागेतील सखल कोपरे टाळावेत. घुशीचे बीळ ओळखणे सोपे असते, कारण तोंडाशी ताज्या उकरलेल्या मातीचा ढीग दिसतो. तहानलेला कुत्रा डबक्याला तोंड लावतोच, म्हणून निघण्यापूर्वी त्याला घरचे पाणी पाजावे. गुडघाभर पाणी साचले असेल तेव्हा फेरी रद्द करून जिन्याजवळच्या कोरड्या कोपऱ्यात किंवा गच्चीवर विधी उरकू द्यावा. एखाद्या दिवसाचा व्यायाम बुडाला तरी कुत्र्याचे काही बिघडत नाही.

परतल्यावर पंजे, पाय आणि पोटाखालचा भाग स्वच्छ नळाच्या पाण्याने आणि साध्या साबणाने धुवावा. बादलीत पाय बुडवून काढण्यापेक्षा वरून पाणी ओतावे, नाहीतर चौथा पाय पहिल्या तीन पायांच्या चिखलात धुतला जातो. मग बोटांच्या बेचक्या उघडून नीट कोरड्या कराव्यात. धुण्याइतकेच कोरडे करणे महत्त्वाचे आहे, कारण ओलसर राहिलेली बेचकी खाजते, कुत्रा ती चाटतो, तेथे ओरखडा पडतो आणि पुढच्या फेरीला जंतूसाठी दार उघडे राहते. पुसताना चीर किंवा जखम दिसली तर ती भरेपर्यंत त्या पायाला साचलेल्या पाण्याचा स्पर्श होऊ देऊ नये. या धुण्याची मर्यादाही माहीत असावी. जिवाणू जखमेतून आत गेला असेल तर नंतरच्या धुण्याने तो बाहेर येत नाही. धुण्यामुळे अंगावर उरलेला चिखल चाटून पोटात जाणे आणि घरभर पसरणे एवढे टळते, आणि तेवढ्यासाठीही ते करण्याजोगे आहे.

घरातील दुर्लक्षित जागा म्हणजे कुत्र्याचे जेवणाचे आणि पाण्याचे भांडे. अंगणात किंवा गॅलरीत रात्रभर ठेवलेल्या भांड्यातले उरलेले अन्न उंदरांना बोलावते, उंदीर तेथेच मूत्र टाकतो आणि सकाळी कुत्रा त्याच भांड्यातून पाणी पितो. डबक्यात कधीही न उतरलेला, घराबाहेर फारसा न जाणारा कुत्राही अशा रीतीने आजारी पडू शकतो. भांडी रात्री आत घ्यावीत, रोज घासावीत, आणि कोरड्या खाद्याची पिशवी झाकणाच्या घट्ट डब्यात ठेवावी. उंदरांसाठी विषारी वड्या टाकण्याची घाई मात्र करू नये. त्या वड्या किंवा त्या खाऊन मेलेला उंदीर कुत्र्याने खाल्ला तर रक्त गोठणे बंद होऊन वेगळेच संकट ओढवू शकते. पिंजरे लावणे, भोके बुजवणे आणि कचरा वेळेवर हलवणे हे मार्ग संथ असले तरी कुत्रा असलेल्या घरासाठी तेच योग्य आहेत.

एका आठवड्याचे उदाहरण

लक्षणांची यादी वाचून आजार ओळखता येत नाही, कारण सुरुवातीची लक्षणे दहा आजारांत सारखीच असतात. म्हणून एक कल्पित पण अगदी संभवनीय उदाहरण घेऊ. सखल भागातील एका सोसायटीच्या तळमजल्यावर चार वर्षांचा, अठरा किलो वजनाचा देशी कुत्रा आहे. त्याला मोती म्हणू. रेबीजची लस वेळेवर झालेली आहे, लेप्टोची दोन वर्षांपूर्वी झाली होती. रविवारी रात्री आवारात पाणी शिरते, सोमवारी सकाळी ओसरते आणि मोती चिखलातून फेरी मारून येतो. त्याच्या पुढच्या पंजाला जुना ओरखडा आहे.

पुढच्या सोमवारपर्यंत काहीही होत नाही. त्या दिवशी मोती सकाळचे जेवण अर्धे सोडतो आणि जिना चढताना मागचे पाय ताठ ठेवतो. घरच्यांना वाटते, कुठेतरी मुरगळला असेल. खरे तर ही स्नायूंची वेदना असते आणि पाठीवर किंवा पोटऱ्यांवर हळूच दाबले तर कुत्रा आक्रसतो. या वेळी ताप मोजला असता तर तो १०३.५ अंश फॅरनहाइट भरला असता. निरोगी कुत्र्याचे तापमान साधारण १०१ ते १०२.५ असते. मंगळवारी तो दोनदा उलटी करतो. आता घरात दोन चुका होऊ शकतात. पहिली म्हणजे अंग दुखते म्हणून माणसांची वेदनाशामक गोळी देणे. आयबुप्रोफेनसारखी औषधे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला थेट इजा करू शकतात, आणि इथे तर त्या मूत्रपिंडावर आधीच हल्ला सुरू असतो. दुसरी चूक म्हणजे घरातील उरलेल्या प्रतिजैविकाच्या दोन गोळ्या देणे, ज्यामुळे आजार बरा होत नाही, पण पुढे तपासणीत जंतू सापडण्याची शक्यता घटते.

बुधवारी मोती वाटीमागून वाटी पाणी पितो आणि भरपूर लघवी करतो. अंग पूर्वीइतके गरमही लागत नाही. घरच्यांना हायसे वाटते, की ताप उतरला आणि पाणी पितो आहे, म्हणजे सुधारणा आहे. माझ्या मते संपूर्ण आजारातील सर्वांत फसवा दिवस हाच. लेप्टोमध्ये ताप थोड्याच दिवसांत उतरू शकतो, तर वाढलेली तहान हे इजा झालेल्या मूत्रपिंडाला पाणी धरून ठेवता येत नसल्याचे चिन्ह असते. गुरुवारी लघवी जवळजवळ थांबते, हिरड्या आणि डोळ्यांचा पांढरा भाग पिवळसर दिसू लागतो, आणि तेव्हा धावपळ सुरू होते.

हाच मोती मंगळवारी दुपारी डॉक्टरांकडे गेला असता आणि ‘आठ दिवसांपूर्वी आमच्या आवारात पाणी शिरले होते’ एवढे एक वाक्य पालकाने सांगितले असते, तर चित्र वेगळे असते. डॉक्टर रक्तातील क्रिएटिनीन, यकृताची विकरे, बिलिरुबिन आणि प्लेटलेट पाहतील आणि लघवीही तपासतील. प्लेटलेट कमी असणे, किंवा रक्तातील साखर वाढलेली नसताना लघवीत साखर दिसणे, ही बारीक चिन्हे लेप्टोकडे बोट दाखवतात. क्रिएटिनीन मात्र उशिराने वाढते, मूत्रपिंडाच्या कामाचा मोठा भाग बंद पडल्यानंतर. म्हणून मंगळवारचा अहवाल जवळजवळ ठीक आला तरी डॉक्टरांनी दोन दिवसांनी पुन्हा रक्त मागितले, तर ते अनावश्यक समजू नये.

नेमका जंतू शोधण्यासाठी पीसीआर ही तपासणी आहे. पहिल्या आठवड्यात जंतू रक्तात असतो, नंतर तो लघवीत उतरतो. त्यामुळे दिवस नक्की माहीत नसल्यास दोन्हींचे नमुने एकदम देणे शहाणपणाचे, आणि तेही प्रतिजैविकाची पहिली मात्रा देण्यापूर्वी. दुसरी तपासणी प्रतिपिंडांची असते. तिच्यासाठी एक-दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा रक्त घेऊन प्रमाण चौपट वाढले का ते पाहतात, कारण एकाच नमुन्यातील प्रतिपिंडे जुन्या लशीचीही असू शकतात. या सर्वांचा अहवाल यायला वेळ लागतो आणि एकदा नकारार्थी आला म्हणून लेप्टो नाही असे ठरत नाही. म्हणूनच संशय बळकट असेल तर डॉक्टर नमुने घेऊन लगेच उपचार सुरू करतात, आणि ते बरोबरच आहे.

उपचारांत प्रतिजैविक हा सोपा भाग आहे. कुत्रा उलट्या करत असेल तोवर पेनिसिलिन गटातील इंजेक्शने देतात आणि पोट स्थिरावले की दोन आठवडे डॉक्सिसायक्लिन देतात. पेनिसिलिनने रक्तातील जंतू मरतात, पण मूत्रपिंडाच्या नलिकांत दडलेले जंतू घालवण्यासाठी डॉक्सिसायक्लिनचा पूर्ण क्रम लागतो. चौथ्या दिवशी कुत्रा खेळू लागला म्हणून ते बंद केले, तर तो बरा दिसेल पण लघवीतून जंतू टाकत राहू शकतो. ही गोळी कोरडी गिळवली तर अन्ननलिकेला चिकटून जखम करते, म्हणून ती अन्नाबरोबर द्यावी आणि मागून पाणी पाजावे.

अवघड भाग सलाईनचा आहे. मूत्रपिंड चालू राहावे यासाठी शिरेतून द्रव द्यावा लागतो, पण लघवी बाहेर येत नसेल तर तोच द्रव फुप्फुसांत साठू शकतो. म्हणून लघवी मोजली जाते. पुरेसा द्रव मिळणाऱ्या कुत्र्याने दर किलोमागे तासाला साधारण एक ते दोन मिलिलिटर लघवी करावी. अठरा किलोच्या मोतीसाठी हे तासाला अठरा ते छत्तीस मिलिलिटर होते. नळी घालून किंवा त्याखालची शोषक चादर वजन करून हे मोजता येते. ‘रोज सकाळी एक बाटली लावून घरी न्या’ ही पद्धत सौम्य आजारात चालून जाईल, पण लघवी कमी झालेल्या कुत्र्याला चोवीस तास देखरेख असलेल्या ठिकाणी ठेवणे गरजेचे आहे, आणि तशी सोय नसेल तर डॉक्टरांनाच विचारून वेळेत दुसरीकडे न्यावे. श्वास जलद होणे किंवा खोकल्यातून रक्त येणे ही फुप्फुसात रक्तस्राव होत असल्याची खूण असू शकते आणि तिच्यासाठी एक रात्रही थांबू नये. योग्य वेळी उपचार मिळालेले बहुसंख्य कुत्रे वाचतात. फुप्फुसांपर्यंत आजार पोहोचला किंवा लघवी पूर्ण थांबली की ही शक्यता झपाट्याने कमी होते.

घरातील माणसे

आजारी कुत्र्याच्या लघवीतून हा जंतू माणसाला होऊ शकतो. उंदराच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून होणाऱ्या लागणीच्या तुलनेत असे कमी वेळा घडते, त्यामुळे घाबरून कुत्र्याला घराबाहेर काढण्याचे काहीच कारण नाही. उपचार सुरू झाल्यावर काही दिवसांत लघवीतील जंतू खूप कमी होतात. तरी दोन आठवड्यांचा औषधक्रम संपेपर्यंत काही नियम कसोशीने पाळावेत. फरशीवर लघवी झाली तर हातमोजे घालून ती आधी कागदाने टिपून घ्यावी, मग एक भाग घरगुती ब्लीच आणि दहा भाग पाणी असे मिश्रण ओतून दहा मिनिटे राहू द्यावे आणि नंतर पुसावे. टिपण्यापूर्वीच ब्लीच ओतू नये, कारण लघवीतील अमोनियाशी त्याचा संयोग होऊन घशाला झोंबणारा वायू तयार होतो. संडास धुण्याच्या ॲसिडबरोबर तर ते कधीच मिसळू नये. पाइपच्या जोरदार फवाऱ्याने लघवी धुतली की तिचे तुषार डोळ्यातोंडात उडतात, म्हणून तेही टाळावे. लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्या व्यक्ती यांनी या साफसफाईपासून लांब राहावे. घरातील कोणाला ताप आणि अंगदुखी सुरू झाली, तर आपल्या डॉक्टरांना कुत्र्याच्या आजाराबद्दल आवर्जून सांगावे. जे पालक स्वतः त्याच पाण्यातून चालले असतील त्यांनी ताप येण्याची वाटही पाहू नये. साचलेल्या पाण्यातून गेल्यावर २४ ते ७२ तासांच्या आत डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, असे मुंबईत महापालिका पावसाळ्यात सांगत असते. प्रतिबंधक गोळी घ्यायची की नाही, हे ते डॉक्टर ठरवतील. मात्र स्वतःसाठी आणलेली ती गोळी अंदाजाने कुत्र्याला देऊ नये, त्याची मात्रा वजनावरून ठरते.

घरात दुसरा कुत्रा असेल तर तोही बहुधा त्याच चिखलातून चाललेला असतो. पहिल्याचे निदान पक्के झाले की दुसऱ्यालाही, तो ठणठणीत दिसत असला तरी, दोन आठवडे डॉक्सिसायक्लिन द्यावे असा तज्ज्ञांचा सल्ला आहे. मोतीला या काळात पट्टा लावूनच बाहेर न्यावे आणि साचलेल्या पाण्यापासून दूर, उतार नसलेल्या, ऊन लागणाऱ्या कोरड्या जागी लघवी करू द्यावी, म्हणजे जंतू पुन्हा डबक्यात उतरणार नाही. औषधक्रम संपल्यानंतर आठवडाभराने क्रिएटिनीन आणि लघवीची घनता पुन्हा तपासून घ्यावी, कारण काही कुत्र्यांची मूत्रपिंडे पूर्ववत होतात, तर काहींमध्ये थोडी इजा कायम राहते आणि त्यांना पुढे वेगळा आहार लागतो. एकदा लेप्टो होऊन गेला म्हणून मोती सुरक्षित झाला असेही नाही. त्याला झालेल्या गटाविरुद्ध काही काळ संरक्षण मिळाले, इतर गटांविरुद्ध नाही. त्यामुळे तो पूर्ण बरा झाल्यावर डॉक्टरांच्या सल्ल्याने लशीच्या दोन मात्रा पुन्हा घ्याव्यात आणि पुढच्या मात्रेची तारीख येत्या मेची लिहून घ्यावी.